केसदानासाठी १२ इंच नेमके कुठून मोजायचे? लेकीच्या केसांना लेयर्स आहेत

मेधा_ऐरोली

नमस्कार मंडळी. लेकीची बारावी आटोपली, निकालही लागला. आता तिला केस कापून कॅन्सरच्या पेशंटसाठी द्यायचे आहेत. तिच्या आत्याची ट्रीटमेंट खारघरला टाटाच्या केंद्रात झाली, तेव्हापासून तिच्या मनात हे होतं. ज्या संस्थेला द्यायचे आहेत त्यांची अट आहे किमान १२ इंच, केस पूर्ण कोरडे, पोनी बांधून कापलेले. ब्लीच केलेले चालत नाहीत, तिचे नाहीतच.

आम्ही मानेवर एक पोनी बांधून टेपने मोजलं. रबरबँडपासून सगळ्यात लांब टोकापर्यंत १७ इंच भरतात. म्हणजे १२ देऊन ५ उरतात असा आमचा हिशोब. तिला कापल्यावर केस खांद्याला टेकलेले हवे आहेत, कॉलेजला जाताना निदान छोटीशी पोनी बांधता यावी म्हणून. पार्लरवाल्या ताई म्हणाल्या, "बँड पाच इंच खाली सरकवू आणि कापू, काही प्रॉब्लेम नाही."

पण दोन वर्षांपूर्वी तिने लेयर्स केले होते. पोनी बांधली की काही केस निम्म्यातच संपतात. सगळ्यात आखूड थर बँडपासून फक्त ९ इंचांवर संपतो. मग हे १२ इंच कोणत्या केसांचे धरायचे? लांब की आखूड? आणि बँडच्या वर कापायचं की खाली? ज्यांनी हे केलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा. एकदा कात्री चालली की परत जोडता यायचं नाही, म्हणून आधी विचारतेय.

कळव्याची_पोर

पहिलं म्हणजे लेकीला शाब्बास सांगा!
दुसरं, कात्री बँडच्या वर, म्हणजे बँड आणि डोकं यांच्या मध्ये. बँड कापलेल्या केसांबरोबर यायला हवा. हे पार्लरमध्ये शिरल्या शिरल्या सांगा आणि खुर्चीत बसल्यावर पुन्हा सांगा.

सीवूड्स_काकू

आम्ही तिरुपतीला वाहिले होते गं. तिथे लांबी बिंबी कोणी विचारत नाही, न्हावी बसलेलेच असतात. तिला विचार तिकडे जायचं का, दर्शनही होईल.

मेधा_ऐरोली

@सीवूड्स_काकू, तिथले केस देवस्थान लिलावात विकतं ना? आम्हाला थेट पेशंटच्या विगसाठी द्यायचे आहेत, आणि टक्कल तिला नकोय :)

प्रसाद_घणसोली

माझ्या बायकोने दिले आहेत, त्यामुळे अनुभवाने सांगतो. केस ओले करून मोजा. ओले केस सरळ पडतात, लांबी बरोबर कळते. मग घट्ट वेणी घाला, दोन्हीकडे रबर लावा आणि वर कापा. वेणी पाठवली तरी घेतात. लेयर्सचं फार मनावर घेऊ नका, सगळ्यात लांब केस १२ च्या पुढे असले की झालं.

चिंतामणी_ठाणे

१२ इंच म्हणजे डोक्याच्या कातडीपासून टोकापर्यंत, नाही का? म्हणजे खांद्याच्या थोडं खाली केस असले तरी चालतील.

कळव्याची_पोर

@चिंतामणी_ठाणे, नाही हो. कापून हातात आलेला तुकडा १२ इंच हवा. कातडीपासून मोजायचं तर पूर्ण तुळतुळीत करावं लागेल.

रंगपट

मेधाताई, मी रंगभूषेच्या धंद्यातला. गडकरी रंगायतनच्या विंगेत आयुष्याचा बराच भाग गेला. नाटकाचे टोप वर्षानुवर्षं हाताने विणलेत, नंतर पेशंटसाठीही काही केले. त्यामुळे केस टेबलावर आल्यावर त्यांचं काय होतं ते आधी सांगतो. ते कळलं की कुठून मोजायचं हे विचारावंच लागत नाही.

टोपाला बारीक जाळी असते. हुक असलेल्या सुईने एकेक, फार तर दोन-तीन केस जाळीच्या भोकातून ओढून गाठ मारतात. गाठ मारताना केस मुळाकडच्या बाजूला दुमडावा लागतो, आणि त्या दुमडीत इंच-दोन इंच जातात. म्हणजे तुम्ही १२ इंच दिलेत तर टोपावर दिसतात साधारण १०. डोक्याच्या वरच्या भागावर गाठ मारलेला केस तिथून खाली हनुवटीपर्यंतच कुठे पोचतो. १२ इंचांची अट त्यामुळे आली. त्याहून आखूड केसांचा टोप लहान मुलाचा बॉयकट होऊ शकेल, मुलीचे केस होत नाहीत.

आता तुमचा खरा प्रश्न. एका जुडीत लांब-आखूड केस एकत्र आले की आम्ही ते उभ्या खिळ्यांच्या फणीतून ओढून लांबीप्रमाणे वेगळे करतो. आखूड केस फणीतच राहतात आणि ते टाकावे लागतात. म्हणून जुडीची लांबी म्हणजे तिच्यातल्या सगळ्यात लांब केसाची लांबी नव्हे. जुडीतले बहुतेक केस जिथपर्यंत पोचतात ती तिची लांबी. शेवटी लोंबणारी चार-सहा केसांची शेपटी मोजूच नये. टेप लावताना जुडी चिमटीत धरून खाली सरका. जिथे ती एकदम निम्मी बारीक लागते तिथे थांबा आणि तो आकडा लिहा.

पार्लरच्या ताईंनी सुचवल्याप्रमाणे बँड पाच इंच खाली सरकवला, तर तुमच्या ९ इंचवाल्या थराचे फक्त ४ इंच जुडीत येतात. ते सगळे केरात. वरून जुडी जाडजूड दिसेल, आतून निम्मी रिकामी.

प्रसादराव, वेणी चालते हे तुमचं बरोबर आहे, पुष्कळ ठिकाणी घेतात. पण मोजायचं वेणी घालण्याआधी, कारण वेणीत केस नागमोडी जातात आणि लांबी कमी दिसते. आणि ओले करून अजिबात मोजू नका. ओला केस ताणतो, वाळला की परत आखडतो. ओला असताना जेमतेम १२ भरलेला वाळल्यावर ११ वर येऊ शकतो.

प्रसाद_घणसोली

@रंगपट, बायकोचे केस चांगले कमरेपर्यंत होते. म्हणून आमचं निभावलं असेल. पण सरळ कसे करायचे मग? तिचे थोडे वळणाचे आहेत.

रंगपट

कोरडेच, हाताने हलकेच खाली ओढून धरायचे आणि मोजायचे. कुरळ्यांनाही तेच, वळण उलगडेल इतकंच ओढायचं, ताणायचं नाही.

नादखुळा_खारघर

एक उपप्रश्न. माझे केस खूप गळतात, पोनी बांधली की बोटाएवढीच होते. लांबी वाढवायला काय लावता तुम्ही लोक? कांद्याचा रस खरंच उपयोगी आहे का?

कळव्याची_पोर

@नादखुळा_खारघर, त्याच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे कांदा आणला तर मेधाताईंची लेक पळून जाईल 😄

घोडबंदर_सलून

माझं घोडबंदर रोडला छोटं सलून आहे, दान करणाऱ्या मुली नेहमी येतात. रंगपट दादांनी टोपाच्या बाजूने सांगितलं, मी डोक्याच्या बाजूने सांगते. कारण मेधाताईंच्या मोजणीत एक गंमत लपलीय.

मानेवर एकच पोनी बांधली की मानेजवळचे केस मुळापासून लगेच बँडमध्ये शिरतात. पण टाळूवरचे केस तिथपर्यंत यायला डोक्यावरून वळसा घेतात. मोठ्या मुलीच्या डोक्यावर हा वळसा ८ ते ९ इंचांचा असतो, आणि कपाळापासून धरला तर १२ च्या वर. तो सगळा वळसा बँडच्या वरच राहतो, तुमच्या टेपमध्ये येतच नाही.

तुमचा जो थर ९ इंचांवर संपतो तो बहुतेक टाळूवरचा असणार. त्याचे बँडखालचे ९ आणि वळशाचे ८ धरा. म्हणजे तो केस मुळापासून १७ इंच आहे! मानेजवळचा केस १७ अधिक मुळापासून बँडपर्यंतचा एखादा इंच, म्हणजे १८. दोघांत फरक जेमतेम इंचभराचा. तुमच्या मुलीचे केस आखूड नाहीत, एका पोनीने ते आखूड दिसताहेत.

उपाय असा. एक पोनी सोडा. केसांचे भाग पाडा आणि प्रत्येक भागाची वेगळी छोटी पोनी त्या त्या जागीच, मुळाच्या जवळ बांधा. मी लेयर्सवाल्या डोक्यावर सहा करते. कपाळापासून मानेपर्यंत मधला भांग, मग एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत आडवा भांग, आणि मागचे दोन भाग वर-खाली असे अजून विभागते. पुढचे दोन, टाळूमागचे दोन, मानेवरचे दोन. प्रत्येक पोनी सुटी मोजायची आणि तिच्या लांबीप्रमाणे बँड कुठे ठेवायचा ते ठरवायचं. चेहऱ्याजवळच्या कापलेल्या बटा १२ च्या आत असतील तर त्या पोनीत घेऊच नका. चिमटा लावून बाजूला ठेवा.

मेधा_ऐरोली

बाप रे, हे डोक्यातच आलं नव्हतं! आज संध्याकाळी तिला बसवते आणि भाग पाडून पुन्हा मोजते. पण मग खांद्यापर्यंतचे केस राहतील का?

घोडबंदर_सलून

तेच सांगणार होते, आणि हे तिला कापायच्या आधी कळायला हवं. मानेवरच्या १८ मधून १३ घेतले तर ५ उरतात. मान लहान असते, ५ इंचात ते केस खांद्याला टेकतात. पण टाळूवरच्या १७ मधून १३ घेतले तर उरतात ४, आणि टाळूवरच्या केसाला खांद्यापर्यंत यायला १३ च्या आसपास लागतात. ४ मध्ये तो कानाच्या वरच राहील.

म्हणजे दोन्ही एकदम होणार नाही. सगळे भाग दिले तर छोटा कट करावा लागेल, कान उघडे, मान उघडी. खांद्यापर्यंत हवेच असतील तर फक्त मानेवरचे खालचे भाग देता येतील आणि जुडी बारीक होईल.

चिंतामणी_ठाणे

म्हणजे थांबलं तर? केस महिन्याला अर्धा इंच वाढतात म्हणतात.

घोडबंदर_सलून

हो, साधारण तेवढेच धरा. टाळूवर १३ ठेवून १२ द्यायचे तर २५ इंच केस हवेत. आज १७ आहेत. ८ इंच वाढायचे म्हणजे सव्वा वर्षाच्या पुढे. हनुवटीपर्यंतचा बॉब चालणार असेल तर टाळूवर साधारण १० पुरतात. मग २२ हवेत, म्हणजे अजून दहा महिने. त्या काळात टोकं ट्रिम करत बसलात तर तेवढं आणखी लांबेल.

चिंतामणी_ठाणे

मग कॉलेजचं पहिलं वर्ष संपल्यावर करावं. घाई काय आहे? मुलींचे एवढे लांब केस आणि कानाच्या वर... मला तरी वाईट वाटेल.

निशिगंधा

चिंतामणीकाका, केस तिचे आहेत, तिलाच ठरवू द्या ना.

मी टोप वापरलाय, म्हणून लिहिते. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस हातात यायला लागले. टोप मला हॉस्पिटलमधल्या समाजसेविकांमार्फत फुकट मिळाला. तो खांद्याच्या वरच होता, आणि मला तेव्हा नवल वाटलं होतं की एवढे आखूड का. आज रंगपट काकांचं वाचून कळलं, कोणीतरी १२-१३ इंच दिले असणार.

खरं सांगायचं तर नवी मुंबईच्या दमट हवेत दिवसभर टोप घालणं कठीण जातं. घरात मी स्कार्फच बांधायचे. पण ऑफिसात परत रुजू झाले तेव्हा, आणि भाच्याच्या मुंजीत, तो टोप होता म्हणून मला चारचौघांत सारखं कोणाला काही सांगावं लागलं नाही. एकदा नाक्यावर भाजी घेताना मैत्रिणीने ओळखलंच नाही की तो टोप आहे. खऱ्या केसांचा होता म्हणून. मेधाताई, लेकीला माझ्याकडून मनापासून थँक्यू.

मेधा_ऐरोली

निशिगंधा, तुझं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. तब्येत कशी आहे आता?

निशिगंधा

छान आहे ताई. स्वतःचे केस आलेत, आधीपेक्षा कुरळे!

सीवूड्स_काकू

देव तुला उदंड आयुष्य देवो. मला आत्ता कळलं की हे दान वेगळं असतं. माझ्या सुनेचे चांगले लांब आहेत, मेंदी लावते ती. मेंदीचे घेतात का?

रंगपट

काकू, यावर एकमत नाही. कुठे मेंदी आणि साधा कलर चालतो, कुठे अजिबात नाही. कामाच्या दृष्टीने सांगायचं तर मेंदी लावलेला केस बळकट असतो, पण त्यावर दुसरा रंग सारखा बसत नाही. वेगवेगळ्या लोकांच्या सात-आठ, कधी त्याहूनही जास्त जुड्या मिळून एक टोप होतो, म्हणून रंग जुळवावा लागतो. ब्लीच मात्र कोणीच घेत नाही म्हटलं तरी चालेल. तो केस प्रक्रियेत तुटतो. सुनेला सांगा, देणार त्या संस्थेला आधी फोटो पाठवून विचार. लांबीचंही तसंच आहे. इथे १२ ऐकलं तर दुसरीकडे १४-१५ मागतात. अमेरिकेतली लॉक्स ऑफ लव्ह ही संस्था १० इंचांपासून घेते. जिथे देणार तिथली अट पाहायची.

ऋजुता_वाशी

माझा अनुभवही नोंदवते, कोणाला उपयोगी पडला तर पडो. मागच्या वर्षी आमच्याकडच्या एका पार्लरमध्ये सगळं समजावून सांगितलं होतं. तरी कापणाऱ्या मुलीने सवयीने बँडच्या खाली कात्री घातली. केस फरशीवर पसरले. मी म्हटलं गोळा करून बांधूया, तेवढेच लांब आहेत. नंतर संस्थेने नम्रपणे सांगितलं की जमिनीवरून उचललेले केस घेता येत नाहीत. का ते मला अजून नीट कळलेलं नाही. धुऊन घेता आले नसते का?

रंगपट

ऋजुताताई, धुण्याचा प्रश्न नाही, दिशेचा आहे. केसावर अगदी बारीक खवले असतात, माशासारखे, सगळ्यांची टोकं मुळाकडून शेंड्याकडे. पोनीत सगळे केस एकाच दिशेला असतात, खवले एकमेकांवरून घसरतात. फरशीवरून गोळा केले की निम्मे उलटे होतात. मग खवल्यात खवला अडकतो आणि दोन धुण्यांत त्या टोपाचा नुसता गुंता होतो, तो सुटतच नाही. दोन बोटांत केस चोळून मूळ कुठलं आणि शेंडा कुठला हे ओळखता येतं, पण हजारो केस असे कोण निवडणार?

म्हणून बँड सुटला तर सगळंच गेलं. एकावर विसंबू नका. मुळाशी दोन बँड लावा, त्यांच्यात अर्धा इंच अंतर ठेवा. मग मध्यावर एक आणि शेंड्याकडे एक. कात्री वरच्या बँडच्याही वर अर्धा इंच. हा अर्धा इंच मोजणीत धरू नका, लांबी बँडपासून खालीच मोजा. मग कापणाऱ्याचा हात थोडा तिरका गेला तरी १२ ला धक्का लागत नाही.

घोडबंदर_सलून

आणि एका फटक्यात कापायला जाऊ नका. जाड पोनीवर कात्री दाबली की केस पात्यावरून पुढे सरकतात आणि काप तिरका जातो. एका बाजूला १३, दुसऱ्या बाजूला साडेअकरा. छोट्या छोट्या चाव्यांनी, पोनी हलकी ताणून धरून कापायचं. सहा पोन्या करण्याचा हाही फायदा आहे. प्रत्येक पोनी बारीक असते, कात्री नीट चालते.

बँड गुळगुळीत कापडाचा घेऊ नका, घसरतो. साधा बारीक रबर चांगला. काढताना केस तुटतील ही भीती नको, तो नंतर कापूनच टाकायचा असतो.

मेधा_ऐरोली

मोजलं! टेपवर आम्ही दोघी आणि भांग पाडायला माझी जाऊ. हे आकडे, मुळापासून शेवटपर्यंत, दादांनी सांगितल्याप्रमाणे बारीक शेपटी सोडून:

मानेवरचे दोन्ही भाग १८. टाळूमागचे दोन्ही १७. पुढचे, म्हणजे कानाच्या वरचे, उजवीकडे १५ आणि डावीकडे साडेचौदा. चेहऱ्याजवळच्या बटा ११-१२, त्या चिमट्यात.

सलूनवाल्या ताईंनी न बघता सांगितलेला टाळूचा आकडा तंतोतंत निघाला. लेक आरशासमोर बराच वेळ केस वर दुमडून बघत होती. मग म्हणाली, छोटा कट करू, मला दहा महिने थांबायचं नाही. आणि खांद्यापर्यंतचं काय, विचारलं तर म्हणाली, ते वाढतील की.

शंका दोन. एक, पुढच्या १५ मधून १२ घेतले तर ३ च उरतात, ते विचित्र दिसेल का? दोन, पाऊस सुरू झालाय. काल सकाळी केस धुतले ते रात्रीपर्यंत ओलसर होते. कापायचं तरी कधी?

चिंतामणी_ठाणे

लेकीचा निर्धार पक्का आहे तर माझा आशीर्वाद. आकडे बघून मलाही आता पटतंय.
एक लक्षात ठेवा, मोजायला शाळेची पट्टी घेऊ नका. ३० सेंटिमीटरच्या खुणेला लोक फूट समजतात. १२ इंच म्हणजे जवळजवळ साडेतीस सेंटिमीटर. आमच्या सोसायटीत पडदे शिवताना यावरून भांडण झालं होतं.

घोडबंदर_सलून

पुढचे ३ विचित्र नाही दिसणार, कारण त्यांच्यावर चेहऱ्याजवळच्या त्या लांब बटा येतात. त्यांचाच पुढचा कट बसवता येईल. पण डावीकडच्या साडेचौदात १२ घेऊन अडीच उरतात, ते मला कमी वाटतात. कानाच्या वर तेवढे आखूड केस उभे राहतात, बसत नाहीत. तो भाग मी पुन्हा दोन केला असता. मागचा, कानामागचा अर्धा द्या, पुढचा अर्धा ठेवा. उजवीकडेही तसंच करा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतील.

रंगपट

मी ताईंशी सहमत नाही, पुढचा पूर्ण भाग दिला तरी चालेल असं मला वाटतं. पण ती टोपवाल्याची हाव झाली. चेहरा लेकीचा आहे, तिच्या केशभूषाकाराचं ऐका.

पावसाचं सांगतो, ते महत्त्वाचं आहे. ओलसर जुडी पाकिटात बंद केली की चार-आठ दिवसांत बुरशी धरते, कुबट वास येतो आणि आख्खी जुडी फेकावी लागते. शेजारच्या जुड्याही तिच्यासकट फेकाव्या लागतात. ओल नेहमी बँडखाली लपते, कारण तिथे केस दाबलेले असतात. वरून हात लावून कळत नाही. म्हणून केस मोकळे असतानाच पूर्ण वाळवा, नंतर बांधा. ओलसर केसांची पोनी करून वाळेल म्हणून बसू नका. बांधल्यावर थोड्या वेळाने बँडजवळचा भाग गालाला लावून बघा. गार लागला तर आत पाणी आहे. सोडा, पुन्हा वाळवा.

तेल आदल्या आठवड्यापासून बंद. शाम्पू करा, कंडिशनर नको, थरामुळे हाताला केस ओलसरच वाटत राहतात. पंख्याखाली वाळवा, ड्रायर वापरलाच तर गार हवेवर.

प्रसाद_घणसोली

आम्ही तर धुतल्या धुतल्या वेणी घातली होती. घणसोलीत मे महिना होता म्हणून वाचलो असणार. पाकिटाचं सांगतो, आम्ही आधी कागदात गुंडाळून वर प्लॅस्टिकची पिशवी घातली, स्पीड पोस्टने पाठवली. पोचली.

रंगपट

कागद आत हे उत्तम. आणि प्रत्येक जुडीला मुळाच्या बाजूला कागदी चिठ्ठी, तिच्यावर लांबी. आम्हाला फार उपयोग होतो.

कळव्याची_पोर

मेधाताई, कापताना फोटो काढा हं. आणि निकाल कळवा.

मेधा_ऐरोली

कापले! काल उघडीप होती. सकाळी धुऊन दुपारभर पंख्याखाली वाळवले, गाल लावून पाहिलं, मानेवरची एक पोनी गार लागली. सोडून पुन्हा वाळवली. संध्याकाळी आमच्याच पार्लरच्या ताईंकडे गेलो. त्यांना हा धागा आधीच वाचायला दिला होता, त्यांनी मनापासून केलं. प्रत्येक पोनीला कात्री लावण्याआधी "वर ना?" म्हणून विचारत होत्या.

मानेवरच्या दोन साडेतेरा, टाळूमागच्या दोन १३. पुढच्या भागाचं सलूनवाल्या ताईंचं ऐकलं, कानामागचा अर्धाच दिला. त्यातली उजवीकडची १२ ला थोडी वर आहे. डावीकडची कापल्यावर टेपवर साडेअकरा भरतेय. बांधताना १२ होती, बँड थोडा सरकला असावा. ती पाठवू की नको? लेक म्हणतेय पाठवायचीच.

कट फार गोड दिसतोय, मला वाटलं नव्हतं इतका.

घोडबंदर_सलून

वा! फोटो बघायला आवडेल.
कानामागे कातडी गोलाकार असते, तिथे बँड नेहमी खाली घसरतो. तिथे दोन रबर एकमेकांना चिकटवून बांधावे लागतात.

ऋजुता_वाशी

अभिनंदन! एक पोनी अर्ध्या इंचाने कमी म्हणून बाकीच्या पाच नाकारणार नाहीत ना ते?

रंगपट

नाही नाकारणार, पण ती बाकीच्यांबरोबर एका बँडमध्ये बांधू नका, नाहीतर आम्हाला फणीतून काढत बसावं लागतं. वेगळ्या कागदात ठेवा, चिठ्ठीवर सरळ साडेअकरा लिहा. लहान मुलांच्या टोपाला किंवा कपाळाच्या कडेला आखूड केस लागतात, तिथे कोणी वापरेल. नाही वापरली तर त्यांच्याकडेच राहील. पाठवण्याआधी संस्थेला एक मेसेज टाकून विचारा.

मेधा_ऐरोली

मेसेज टाकलाय. पाच एका पाकिटात, सहावी वेगळ्या. उत्तर आलं की इथेच लिहीन.

सीवूड्स_काकू

सुनेने फोटो पाठवलाय त्यांना, मेंदीच्या केसांचा. तिच्या एका पोनीला १९ भरतात, पण आता ती म्हणते भाग पाडूनच मोजू. कोणी जवळपास राहतं का, भांग पाडायला मदत करेल असं? आम्ही सीवूड्स स्टेशनजवळ.

ऋजुता_वाशी

काकू, मी येते रविवारी. टेप माझी आणते.